मराठी बायोडेटा इंग्रजीत नेताना

इंदुरात मराठी घरं होळकरांच्या काळापासून आहेत. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं आणि १९५६ मध्ये इंदूर आजच्या मध्य प्रदेशात आलं, तरी रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात लग्नाचा बायोडेटा आजही मराठीत लिहिला जातो. स्थळ पुण्याचं किंवा देवासचं असेल तोवर काही अडत नाही. पण मुलगा बंगळुरूत वाढलेला असला, परदेशात जन्मलेली नात मराठी बोलते पण वाचू शकत नाही असं असलं, किंवा समोरचं कुटुंबच अमराठी असलं, की निरोप येतो : ‘इंग्रजीत पाठवता का?’ त्या वेळी हाताशी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला कागदाचा फोटो असतो, आणि घरातल्या कुणीतरी तो संध्याकाळपर्यंत इंग्रजीत करून द्यायचा असतो. हे काम करणाऱ्यासाठी हा लेख आहे.

बायोडेट्यातली प्रत्येक ओळ हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. ‘मामा : कुलकर्णी, देवास’ ही ओळ मुलीचं आजोळ कोणतं, हे सांगते. ‘कै.’ हे एक अक्षर माणूस हयात नाही, हे सांगतं. मराठी वाचणाऱ्याला ही उत्तरं न विचारता मिळतात. इंग्रजी वाचणाऱ्यालाही तीच मिळाली पाहिजेत. कमी नकोत आणि आपल्या पदरची जास्तही नकोत. पुढचं सगळं या एका कसोटीवर आहे.

आधी फोटो वाचून काढा

शक्य असेल तर फोटो पुन्हा मागवा. कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चारही कोपरे दिसतील असा काढायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही. कागदाला मागची बाजू आहे का, हेही विचारा. नातेवाइकांची यादी आणि अपेक्षा बऱ्याचदा तिथे असतात.

मग थेट इंग्रजी लिहायला बसू नका. आधी सगळा मजकूर मराठीतच जसाच्या तसा उतरवून काढा आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. वाचनातल्या आणि भाषांतरातल्या चुका वेगवेगळ्या असतात; दोन्ही कामं एकदम केली तर कोणती चूक कुठे झाली ते कळत नाही.

सगळ्यात जास्त घात आकड्यांत होतो. शाळा इंग्रजी माध्यमातली असेल तर डोळ्याला इंग्रजी आकड्यांची सवय असते. अशा डोळ्याला देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, १ नवासारखा आणि ७ सहासारखा. त्यात एकाच कागदावर जन्मतारीख देवनागरीत आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, अशी सरमिसळ असते. म्हणून आकडा नुसता वाचून सोडू नका, दुसऱ्या ओळीशी ताडून पाहा. वाराशी तारीख जुळते का? पदवीच्या वर्षी वय एकवीस-बावीसच्या आसपास येतं का? लहान भावाचं जन्मवर्ष मोठ्याच्या आधीचं तर दिसत नाही ना? कागद स्वतःच स्वतःला तपासून देतो.

तारीख, वेळ आणि उंची

महिना अक्षरांतच लिहा. ‘०८/११/१९९६’ आपल्यासाठी ८ नोव्हेंबर असतो, पण अमेरिकेत वाढलेला माणूस ती ११ ऑगस्ट वाचतो. जन्मवेळेतले ‘पहाटे’, ‘सकाळी’, ‘रात्री’ हे शब्द गाळून चालत नाहीत. त्यांच्या जागी ‘एएम’ किंवा ‘पीएम’ यायलाच हवं. मध्यरात्र ते सूर्योदय या काळातला जन्म असेल तर घरच्यांना एकदा विचारा. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे जुन्या वळणाच्या घरात ‘सोमवारी पहाटे तीन’ असं लिहिलेली वेळ घड्याळाच्या हिशेबाने मंगळवारची असू शकते. पत्रिका पाहणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते.

उंचीत खरा धोका टिंबाचा आहे. आपल्याकडे ‘५.४’ असं सर्रास लिहितात आणि वाचणारा ते पाच फूट चार इंच असंच समजतो. सेंटिमीटर काढायला बसलेला माणूस मात्र त्याचा दशांश करतो. ‘५.४’मध्ये चूक दोन सेंटिमीटरांची होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘५.११’मध्ये ती केवढी होते पाहा. पाच फूट अकरा इंच म्हणजे १८० सेंटिमीटर, ५.११ फूट दशांशात धरले तर १५६. मुलगा कागदावर वीतभर बुटका होतो. ‘५.१०’चं तर शेवटचं शून्य गळतं आणि तो ‘५.१’ होऊन बसतो.

हिशेब सोपा आहे. फुटांना ३०.४८ने गुणा, इंचांना २.५४ने गुणा, बेरीज करा आणि जवळच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणा. पाच फूट चार इंचांचे १५२.४ अधिक १०.१६, म्हणजे १६२.५६, म्हणजेच १६३. इंग्रजीत दोन्ही मापं शेजारी लिहा आणि ‘फीट’, ‘इंचेस’ हे शब्द अक्षरांत लिहा. फुटाची आणि इंचाची बारीक चिन्हं पुढच्या फोटोत पुन्हा पुसट होतात, शब्द टिकतात.

घरची माणसं

नात्यांच्या बाबतीत इंग्रजी अपुरी पडते. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान हे सगळे तिथे ‘अंकल’ होतात. लग्नाच्या बोलण्यात मात्र ही चार वेगळी घराणी आहेत. मामाचं आडनाव आणि गाव लिहिलं जातं ते आईकडचं कूळ कळावं म्हणून. त्यावरून समोरची माणसं जुनं नातं शोधतात आणि कूळ, गोत्र, देवक आड येतं का ते पाहतात. म्हणून काका ‘फादर्स ब्रदर’, मामा ‘मदर्स ब्रदर’, आत्या ‘फादर्स सिस्टर’ आणि मावशी ‘मदर्स सिस्टर’ असं सरळ लिहा. ‘पॅटर्नल अंकल’ हेही बरोबर आहे, पण घाईत वाचताना ‘पॅटर्नल’ आणि ‘मॅटर्नल’ यांची गल्लत होते. आजोळच्या ओळीला ‘मदर्स फॅमिली’ असं नाव द्या. ‘इतर पाहुणे’ किंवा ‘नातेसंबंध’ या मथळ्याखाली आडनावांची रांग असते. ती घरी आलेल्या पाहुण्यांची यादी नसते, सोयरिकीने जोडलेली घराणी असतात. तिथे ‘फॅमिलीज रिलेटेड बाय मॅरेज’ असं लिहिलं की अर्थ पोचतो.

नावाआधीची अक्षरं जपून वाचा. ‘कै.’ म्हणजे ‘लेट’. इंदुरात हिंदीच्या सवयीने ‘स्व.’ असंही लिहितात, अर्थ तोच. पुसट फोटोत ‘कै.’ आणि ‘श्री.’ एकमेकांत मिसळतात आणि इथे चूक झाली तर फोनवर पहिलंच वाक्य जिव्हारी लागणारं निघतं. शंका असेल तर अंदाज करू नका, विचारा.

‘श्रीमती’ हा खास इंदुरी पेच आहे. हिंदीत कोणत्याही विवाहितेला श्रीमती म्हणतात. मराठी बायोडेट्यात नवरा हयात असलेल्या स्त्रीला ‘सौ.’ लावतात आणि ‘श्रीमती’ बहुधा पती हयात नसल्याची खूण असते. इंदूरचा बायोडेटा मराठीत असला तरी लिहिणाऱ्याचा हात हिंदीला सरावलेला असू शकतो. तेव्हा ‘आई : श्रीमती’ असं दिसलं तर वडिलांची ओळ पाहा. तिथे ‘कै.’ किंवा ‘स्व.’ असेल तर प्रश्न मिटला. ‘श्री.’ असेल आणि नोकरी चालू दिसत असेल तर लिहिणाऱ्याने हिंदी रीत वापरली आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘मिसेस’ पुरतं. हयात नसल्याची माहिती पतीच्या नावाआधी ‘लेट’ लिहून द्यायची. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांचं भाषांतर करू नका, मुलामुलीचं नाव नुसतं लिहा.

नावाचं स्पेलिंग आपण ठरवायचं नाही. पासपोर्टवर किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवर असेल तेच घ्या. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलीच्या कागदपत्रांत मधे वडिलांचं नाव असतं, इंदूरच्या मुलीच्या कागदपत्रांत ते नसण्याची शक्यता बरीच. बायोडेट्यात तीन नावं आणि पासपोर्टवर दोन असतील तर पासपोर्टप्रमाणे दोनच लिहा. वडिलांचं नाव त्यांच्या ओळीत येतंच.

शिक्षण आणि नोकरी

‘पदवी’ आणि ‘पदविका’ यांत फोटोमध्ये एका अक्षराचा फरक दिसतो. पदवी म्हणजे ‘डिग्री’, पदविका म्हणजे ‘डिप्लोमा’. ‘अभियांत्रिकी पदविका’ चुकून ‘इंजिनिअरिंग डिग्री’ झाली, तर पुढे ती खोटी माहिती ठरते आणि दोष मुलाच्या माथी येतो. तसंच पूर्ण झालेलं आणि चालू असलेलं शिक्षण वेगळं दाखवा. ‘सी.ए. इंटर’ म्हणजे मधली परीक्षा पास, नुसतं ‘सी.ए.’ लिहिलं तर मुलगा चार्टर्ड अकाउंटंट झाला असा अर्थ होतो. ‘एम.ए. पूर्वार्ध’, किंवा इंदुरी बोलीत ‘एम.ए. प्रीव्हियस’, म्हणजे दोनपैकी पहिलं वर्ष. तिथे ‘फर्स्ट इयर कम्प्लीटेड’ लिहा.

पदवीचं संक्षिप्त नाव ठेवा, पण त्यापुढे विषय, संस्था आणि वर्ष पूर्ण लिहा. बी.ए.एम.एस. ही आयुर्वेदाची आणि बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची पदवी आहे, हे भारताबाहेरच्या वाचणाऱ्याला माहीत नसतं. तिथे विषय स्पष्ट हवा. आईवडिलांच्या शिक्षणात इंदूरच्या दोन गोष्टी सांभाळा. इथलं विद्यापीठ १९६४ मध्ये ‘इंदूर विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं आणि १९८८ मध्ये ‘देवी अहिल्या विश्वविद्यालय’ झालं. वडिलांची पदवी आधीची असेल तर कागदावरचं जुनं नाव ठेवून पुढे ‘नाऊ’ लिहून आजचं नाव द्या, नाहीतर शोधणाऱ्याला ते विद्यापीठ सापडणार नाही. दुसरं म्हणजे मध्य प्रदेशात पूर्वी शाळा अकरावीला संपत असे आणि त्या परीक्षेला ‘हायर सेकंडरी’ म्हणत. आईच्या नावापुढे ते असेल तर ‘ट्वेल्फ्थ’ करू नका. ‘हायर सेकंडरी, एमपी बोर्ड’ असंच ठेवा.

नोकरीत खात्याचं नाव उलगडून लिहा. ‘एम.पी.ई.बी.’ इंदुरात पोराटोराला कळतं. बंगळुरूला ‘मध्य प्रदेश इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ असं लिहावं लागतं. ‘पॅकेज ८.५’चा अर्थ वर्षाला साडेआठ लाख. समोरचं घर भारतातलं असेल तर ‘लॅख्स पर अ‍ॅनम’ चालतं. बाहेरचं असेल तर ‘रुपीज’ लिहून पूर्ण आकडा द्या, म्हणजे तो डॉलर समजला जात नाही.

जात, कूळ आणि पत्रिका

समाजाचं नाव हे नाव आहे. त्याचा अर्थ सांगायला जाऊ नका. देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, शहाण्णव कुळी मराठा, धनगर, शिंपी, माळी ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत जशीच्या तशी लिहायची. ‘धनगर’चं ‘शेफर्ड’ किंवा ‘शिंपी’चं ‘टेलर’ केलं तर समाजाचं नाव नाहीसं होतं आणि वाचणाऱ्याला ते वडिलांचं काम वाटतं. समोरचं कुटुंब अमराठी असेल तर नावापुढे ‘मराठी-स्पीकिंग कम्युनिटी’ एवढं जोडा. त्याहून जास्त खुलासा घरच्यांनी सांगितला तरच. आरक्षणाचा प्रवर्ग लिहिलेला असेल तर राज्याचं नाव सोबत हवं, कारण प्रवर्ग राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात धनगर ‘एनटी-सी’ प्रवर्गात येतात. मध्य प्रदेशात या नावाचा प्रवर्गच नाही.

कूळ, गोत्र, देवक, कुलदैवत हे शब्दही तसेच ठेवून पुढे दोन-तीन शब्दांचा खुलासा पुरे. गोत्राला ‘पॅटर्नल लिनिएज’, कुलदैवताला ‘फॅमिली डीटी’, देवकाला ‘क्लॅन एम्ब्लेम’. त्यांच्यापुढची नावं, म्हणजे भारद्वाज, जेजुरीचा खंडोबा, पंचपल्लव, ही भाषांतरात बदलत नाहीत.

पत्रिकेच्या चौकटीत मात्र नेहमीचे शब्द वेगळ्या अर्थाने बसलेले असतात. ‘रास : कन्या’मधली कन्या म्हणजे मुलगी नव्हे, ‘व्हर्गो’. तिथे ‘मून साइन’ लिहायलाच हवं. पाश्चात्त्य पद्धतीत लोक सूर्यरास सांगतात आणि तीच मुलगी त्यांच्या हिशेबाने दुसऱ्याच राशीची निघते. ‘गण’ देव, मनुष्य किंवा राक्षस असतो. शब्दशः अर्थ न लिहिता ‘गण’, ‘नाडी’, ‘योनी’, ‘चरण’ हे सगळं इंग्रजी अक्षरांत तसंच ठेवा. ज्याला हवं तो ज्योतिषाला दाखवेल आणि ज्योतिषी हेच शब्द शोधेल.

‘वर्ण’ हा शब्द कागदावर दोनदा भेटतो. वरच्या भागात तो रंगासाठी असतो : गोरा, गव्हाळ, सावळा. पत्रिकेत तो राशीवरून ठरतो : वृषभ, कन्या आणि मकर राशीचा वर्ण वैश्य, तर कर्क, वृश्चिक आणि मीन राशीचा विप्र. त्याचा घरच्या जातीशी काही संबंध नाही. ‘वर्ण : वैश्य’चं ‘कास्ट : वैश्य’ झालं तर एकाच कागदावर दोन जाती दिसतात आणि समोरचा माणूस काहीतरी लपवलं असं समजतो. पत्रिकेतली ओळ ‘हॉरोस्कोप वर्ण’ म्हणून पत्रिकेच्या चौकटीतच ठेवा. रंगाची ओळ इंग्रजीत ठेवायची की नाही, हे मुलीला किंवा मुलाला विचारून ठरवा. आपल्या मनाने गाळू नका आणि ‘सावळा’चा ‘फेअर’ तर कधीच करू नका.

एक नमुना, ओळीओळीने

समजा, मुलीचा असा कागद आला आहे. नमुना रचलेला आहे, आणि इंग्रजी शब्द सोयीसाठी देवनागरीतच देतो.

‘जन्म : ०८/११/१९९६, शुक्रवार, सकाळी ७.४०, इंदूर.’ पहिल्या वाचनात वेळ ‘६.८०’ अशी दिसली. साठाच्या पुढे मिनिटं नसतात, म्हणजे आपण आकडे इंग्रजी समजून वाचले. नीट पाहिल्यावर ७.४० लागलं. तारीख नोव्हेंबरची की ऑगस्टची, हे वारावरून पडताळलं : ८ नोव्हेंबर १९९६ला शुक्रवार होता, ११ ऑगस्टला रविवार. लिहायचं : ‘८ नोव्हेंबर १९९६, फ्रायडे, ७.४० एएम, इंदौर, मध्य प्रदेश, इंडिया’.

‘उंची : ५.४.’ लिहायचं : ‘५ फीट ४ इंचेस, १६३ सेंटिमीटर्स’.

‘शिक्षण : बी.ई. (२०१८), एस.जी.एस.आय.टी.एस., इंदूर.’ पदवीच्या वेळी वय एकवीस, आकडे जुळले. शाखा कागदावर नाही, म्हणून ती घरच्यांना विचारायची. संस्थेचं नाव पूर्ण द्यायचं : ‘श्री गोविंदराम सेकसरिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स’.

‘वडील : श्री., निवृत्त, एम.पी.ई.बी. आई : श्रीमती, गृहिणी.’ वडील ‘श्री.’ आहेत, पण निवृत्त असल्यामुळे नोकरीवरून पडताळा मिळत नाही. इथे एक फोन करायचा. दोघेही हयात आहेत, असं कळल्यावर ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’, पुढे ‘रिटायर्ड, मध्य प्रदेश इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ आणि ‘होममेकर’.

‘मामा : कुलकर्णी, देवास.’ लिहायचं : ‘मदर्स फॅमिली : कुलकर्णी, ऑफ देवास’.

‘जात : देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण. गोत्र : भारद्वाज.’ ‘कम्युनिटी’ या मथळ्याखाली तेच शब्द इंग्रजी अक्षरांत.

‘रास कन्या, नक्षत्र हस्त, वर्ण वैश्य, गण देव, नाडी आद्य.’ वेगळी चौकट, मथळा ‘हॉरोस्कोप डिटेल्स’. ‘मून साइन : व्हर्गो, कन्या’ आणि बाकी शब्द तसेच. हस्त नक्षत्र पूर्णपणे कन्या राशीत येतं, त्याचा गण देव आणि नाडी आद्य, म्हणजे पत्रिकेची ओळ आतल्या आत जुळते. नक्षत्र आणि रास जुळत नसतील तर फोटो वाचण्यात चूक झाली आहे असं धरून पुन्हा पाहा.

‘अपेक्षा : निर्व्यसनी, अनुरूप.’ इथे नेमकं लिहायचं. ‘निर्व्यसनी’ म्हणजे या घराच्या मनात दारू-सिगारेट नको एवढंच आहे की तंबाखूही, हे विचारून ‘नॉन-स्मोकर, नॉन-ड्रिंकर’ असं. ‘अनुरूप’साठी ‘ऑफ सिमिलर एज्युकेशन अँड बॅकग्राउंड’.

पाठवण्याआधी

इंग्रजी प्रत तयार झाली की ती मूळ कागद न पाहता घरच्यांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. घरच्यांनी मूळ कागद हातात धरून ऐकायचं. उंची, वेळ, कोण हयात, मामा कुठले, शिक्षण पुरं की अपुरं, या जागी कान टवकारले गेले पाहिजेत. मुलगी किंवा मुलगा स्वतः ऐकायला असावा, कारण कागद त्यांच्याबद्दल आहे आणि इंग्रजीत काय गेलं याची जबाबदारी पुढे त्यांच्यावरच येते.

इंग्रजी प्रत मराठी प्रतीपेक्षा जास्त लांब आणि जास्त अनोळखी हातांत जाते. म्हणून तिच्यावर घराचा पूर्ण पत्ता लिहू नका. वसाहत आणि शहर पुरे. संपर्काला एकाच वडीलधाऱ्याचा नंबर द्या, मुलीचा नको. खाली भाषांतर कुणी आणि कोणत्या तारखेला केलं ते लिहा आणि मूळ मराठी कागदाचा स्वच्छ फोटो सोबत जोडा. समोरच्या घरात मराठी वाचणारं एखादं माणूस निघालं, तर शंका फोनवर येण्याआधीच ते दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू शकेल.